दारामागचं रडणं कोणत्या दिवशीचं?

कादंबरीचा निवेदक विश्वासार्ह आहे की नाही, यावरची वर्गातली चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते आणि तिथेच विझते. हा माणूस खोटं बोलतोय का? काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या कादंबरीबद्दल हा प्रश्न विचारला, तर अर्धा वर्ग ‘हो’ म्हणतो, उरलेला अर्धा ‘नाही, तो स्वतःलाच फसवतोय’ असं म्हणतो आणि पाच मिनिटांत सगळे गप्प होतात. दोन्ही उत्तरं बरोबर असतात आणि एकही उत्तर द्यायला पुस्तक उघडावं लागत नाही. पदवीच्या वर्गात वापरायच्या प्रश्नाला माझी पहिली कसोटी हीच आहे. उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला एखादं पान शोधावं लागलं पाहिजे, आणि शेजारच्याला दुसरंच पान सापडलं पाहिजे.

या प्रकरणात मी एवढ्या एकाच कादंबरीवरचे प्रश्न घेणार आहे. ती 1989 मध्ये आली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळालं. इशिगुरो यांचा जन्म 1954 चा, नागासाकीचा. पाच वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले आणि 2017 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. कादंबरीचा निवेदक मात्र अस्सल इंग्रज बटलर आहे, स्टीव्हन्स. लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या हवेलीत त्याने उमेदीची वर्षं घालवली. लॉर्ड वारले, हवेली फॅरडे नावाच्या अमेरिकन गृहस्थाने घेतली आणि सामानाबरोबर स्टीव्हन्सही त्यांच्याकडे आला. जुलै 1956 मध्ये हे नवे मालक त्याला स्वतःची मोटार देऊन काही दिवस फिरून यायला सांगतात. स्टीव्हन्स पश्चिमेकडे निघतो, कारण तिकडे कॉर्नवॉलमध्ये मिस केन्टन राहते. ती एके काळी याच हवेलीत हाऊसकीपर होती. वाटेत मुक्कामी तो जे मांडत जातो, ती ही कादंबरी.

अविश्वसनीय निवेदक ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात रूढ केली. बूथ यांच्या मते निवेदकाचं म्हणणं कलाकृतीच्या एकंदर मूल्यदृष्टीशी जुळत असेल तर तो विश्वासार्ह, नसेल तर अविश्वसनीय. व्याख्या उपयोगी आहे, पण वर्गात ती आधी फळ्यावर लिहू नये असं माझं ठाम मत आहे. ती लिहिली की मुलं स्टीव्हन्सला एका खणात टाकतात आणि मोकळी होतात. आधी एक प्रसंग बारकाईने वाचून घ्यावा, मग संज्ञा आपोआप लागते.

तो प्रसंग असा. मिस केन्टनला एक मावशी होती, जवळपास आईच्याच जागी. मावशी गेल्याची बातमी पत्राने येते आणि ते पत्र योगायोगाने स्टीव्हन्सच तिच्या हाती देतो. तो तिच्या खोलीतून बाहेर पडतो आणि बोळात आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण सांत्वनाचा एक शब्दही बोललो नाही. परत जावं का? पण ती आत रडत असेल, तिच्या दुःखात आपण कशाला व्यत्यय आणायचा, असा विचार करत तो बोळात घुटमळतो आणि शेवटी निघून जातो. नंतर त्याच दिवशी ती त्याला भेटते, तेव्हा तो सांत्वनाच्या तयारीनेच बोलायला सुरुवात करतो आणि नव्या मोलकरणींच्या कामातल्या चुका तिला दाखवून थांबतो. हे सगळं तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळच्या प्रकरणात येतं, मॉस्कम नावाच्या खेड्यातल्या मुक्कामी.

चौथ्या दिवसाच्या प्रकरणात आपण पुन्हा त्याच बोळात येतो. स्टीव्हन्स आता कॉर्नवॉलमधल्या लिटल कॉम्प्टनच्या हॉटेलात बसला आहे, बाहेर पाऊस आहे आणि थोड्या वेळात मिस केन्टनची भेट व्हायची आहे. तो म्हणतो, आज सकाळपासून एक आठवण डोक्यातून जात नाही. मिस केन्टनच्या बंद दारापाशी मी अर्धवट वळून उभा होतो, दार ठोठावावं की नाही ते ठरत नव्हतं आणि आत ती रडते आहे अशी माझी खात्री झाली होती. पुढे तो कबूल करतो की ही आठवण मावशीच्या मृत्यूच्या दिवसाची आहे असं मी कदाचित म्हटलं असेन. पण विचार करता वाटतं, माझा थोडा घोटाळा झाला. ती त्यानंतर काही महिन्यांनी आलेल्या एका रात्रीची आहे.

ती रात्र कोणती? हवेलीत त्या रात्री गुप्त बैठक आहे. ब्रिटनचे पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री आणि जर्मनीचे राजदूत रिबेनट्रॉप यांना लॉर्ड डार्लिंग्टन यांनी एकत्र आणलं आहे. त्याच रात्री मिस केन्टन बाहेरून परत येते आणि स्टीव्हन्सला सांगते की एका परिचिताने तिला मागणी घातली होती आणि तिने होकार दिला आहे. स्टीव्हन्स अभिनंदन करतो आणि वर पाहुण्यांकडे जातो. नंतर तळघरातून पोर्टची बाटली घेऊन वर जाताना तिच्या दाराच्या कडांतून येणारा उजेड त्याला दिसतो आणि तो क्षणभर थबकतो.

आता वर्गाला विचारायचा प्रश्न: स्टीव्हन्सने दोन दिवसांची सांगड का घातली? ‘विसरला’ हे उत्तर कुणीतरी देतंच आणि ते हसण्यावारी नेऊ नये. माणसं वीस वर्षांपूर्वीच्या तारखा विसरतात. पण विसरताना तो कोणत्या दिशेने विसरला, हे विचारलं की वर्ग जागा होतो. पहिल्या आवृत्तीत ती मावशीसाठी रडते आहे. त्या रडण्याला स्टीव्हन्स जबाबदार नाही. फार तर सांत्वन राहून गेलं, एवढाच त्याचा दोष. दुसऱ्या आवृत्तीत ती त्याच्यामुळे रडते आहे. चूक झाली ती त्याला सोयीच्या बाजूला झाली. आणि ती चूक दुरुस्त केली कुणी? त्यानेच, कुणी न विचारता. म्हणजे जो माणूस झाकतो, तोच उघडं करतो. खोटारडा निवेदक आणि हा निवेदक यांतला फरक इथे हाती लागतो आणि तो फरक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधलेला असतो.

यावर मी आणखी एक उपप्रश्न जोडतो, कारण तो जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. आतून रडण्याचा आवाज आला होता का? पुस्तकात परत जाऊन बघायला सांगावं. आवाज आला नव्हता. स्टीव्हन्स स्वतः सांगतो की त्या खात्रीला काही आधार नव्हता, हुंदका वगैरे काही ऐकलं नव्हतं. तरी दार उघडलं असतं तर ती रडताना दिसली असती, याबद्दल त्याला शंका नव्हती. एवढ्या काटेकोर माणसाने पुराव्यावाचून ठेवलेली खात्री ही एकमेव नसेल, पण सर्वांत मोलाची आहे. ती रडत असणार हे त्याला कशावरून कळलं? काय घडतंय ते त्याला समजत होतं म्हणून. संपूर्ण कादंबरीभर तो आपल्याला काही समजलंच नव्हतं असं भासवतो आणि या एका वाक्यात ते भासवणं कोसळतं.

दुरुस्तीची ही सवय त्याला एकदाच लागलेली नाही. दुसऱ्या दिवसाच्या सकाळच्या प्रकरणात त्याच्या वडिलांची गोष्ट येते. तेही बटलर होते आणि म्हातारपणी मुलाच्या हाताखाली याच हवेलीत कामाला आले होते. त्यांच्या हातून बारीकसारीक चुका होऊ लागतात. त्या चुका किरकोळ दिसल्या तरी त्यांचा अर्थ मोठा आहे, अशा आशयाचं एक वाक्य स्टीव्हन्स मिस केन्टनच्या तोंडी घालतो. मग थांबून म्हणतो, ती इतकं धीटपणे बोलली असेल असं वाटत नाही, हे बहुधा लॉर्ड डार्लिंग्टनच म्हणाले असतील, दोनेक महिन्यांनी, मला बोलावून घेतलं तेव्हा. इथे विद्यार्थ्यांना एवढंच विचारावं: वडील आता थकले, हे ऐकणं कुणाच्या तोंडून सोपं होतं? काहींना वाटतं मालकाकडून, कारण मालकाचा शब्द म्हणजे हुकूम. काहींना वाटतं मिस केन्टनकडून, कारण तिच्यावर रागावता तरी येतं. मला दुसरं उत्तर पटतं. पण पहिल्याच्या बाजूनेही त्याच प्रकरणात पुरावा आहे आणि तो काढून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण श्रेय द्यायला हवं.

जेम्स फेलन आणि मेरी पॅट्रिशिया मार्टिन या दोन अभ्यासकांनी 1999 च्या एका निबंधात याच कादंबरीच्या आधाराने बूथ यांची व्याख्या विस्तारली. निवेदक तीन कामं करतो, असं त्यांच्या मांडणीचं सूत्र: तो घटना सांगतो, तिचा अर्थ लावतो आणि तिच्यावर निवाडा देतो. या तिन्हींत तो वेगवेगळा घसरू शकतो. बोळाच्या प्रसंगात स्टीव्हन्स घटनेत चुकतो. प्रवासाआधी मिस केन्टनकडून आलेल्या पत्राच्या बाबतीत तो अर्थ लावण्यात चुकतो, कारण पत्र समोर असून त्याला त्यात हवेलीत परतण्याची तिची ओढ दिसते. आणि दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकण्याच्या प्रसंगात तो निवाड्यात चुकतो. हा तिसरा प्रसंग वर्गात सावकाश वाचावा.

लॉर्ड डार्लिंग्टन फॅसिस्ट संगतीत असतानाच्या दिवसांत ते स्टीव्हन्सला सांगतात की घरातल्या ज्यू मुलींना कामावरून काढा. मुली दोन आहेत, रूथ आणि सारा. मिस केन्टन भडकते, हे पाप आहे असं सांगते आणि मुली गेल्या तर मीही जाईन अशी धमकी देते. स्टीव्हन्स शांतपणे हुकूम पाळतो. मुली जातात, मिस केन्टन मात्र जात नाही. तिला दुसरीकडे आसरा नसतो आणि याची लाज ती पुढे उघड बोलून दाखवते. वर्षभराहून अधिक काळाने लॉर्डसाहेबांना उपरती होते. तेव्हा स्टीव्हन्स मिस केन्टनला सांगतो की त्या वेळी मलाही तुमच्याइतकाच त्रास झाला होता. ती थक्क होऊन विचारते, मग तेव्हा तसं का नाही सांगितलंत? तुम्ही सतत सोंग का आणता?

इथे प्रश्न असा विचारावा: त्रास झाला होता हे स्टीव्हन्सचं म्हणणं आपण खरं मानायचं का, आणि कशाच्या जोरावर? प्रसंग घडत असताना त्याने तसं काही जाणवू दिलेलं नाही. पण निवेदनात, बडतर्फीच्या आधी, आपला जीव त्या गोष्टीला राजी नव्हता असं तो वाचकाला सांगून गेलेला आहे. हे तेव्हाचं मन आहे की 1956 मधलं, महायुद्ध होऊन गेल्यानंतरचं, मालकाचं नाव मातीला मिळाल्यानंतरचं? त्या एका वाक्यावर माझ्या अनुभवाने वर्ग सरळ दोन गटांत पडतो आणि कुणालाही दुसऱ्याला पूर्ण गप्प करता येत नाही. कारण तपासायला दुसरा साक्षीदार नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांची निवेदनं असल्यामुळे एकीचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशी ताडून पाहता येतं. ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये ती सोय लेखकाने मुद्दाम ठेवलेली नाही. ताडून पाहायला जे काही आहे ते स्टीव्हन्सच्या स्वतःच्याच निवेदनात, त्याने जसंच्या तसं नोंदवलेल्या इतरांच्या बोलण्यात.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम देतो. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचा आणि त्यातली फक्त इतरांची वाक्यं अधोरेखित करायची. साल 1923. हवेलीत आंतरराष्ट्रीय परिषद चालली आहे, वरच्या खोलीत वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि स्टीव्हन्स खाली पाहुण्यांना पेयं देत फिरतो आहे. वडील जातात. मिस केन्टन त्यांचे डोळे मिटते. स्टीव्हन्स कामावर परततो. निवेदन वाचलं तर तो अगदी स्थिर आहे. अधोरेखित वाक्यं वाचली तर कार्डिनल नावाचा एक तरुण पाहुणा त्याला विचारतो आहे, बरं आहे ना? आणि लॉर्ड डार्लिंग्टन म्हणताहेत, तुम्ही रडताय असं दिसतंय. स्टीव्हन्स रुमालाने तोंड पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीचं कारण पुढे करतो. मी रडलो, हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही. ते आपल्याला त्याच्या धन्याकडून कळतं. अधोरेखनाचं हे साधं काम केल्यावर ‘निवेदकामागे लेखक उभा असतो’ हे वाक्य पाठ करून घ्यावं लागत नाही.

आता रचना. बहुतेक विद्यार्थी रचनेवरच्या प्रश्नाला ‘भूतकाळ आणि वर्तमानकाळ आलटून पालटून येतात’ एवढं उत्तर देतात. ते चूक नाही, पण त्यातून काही निघत नाही. त्यांना अनुक्रमणिकेकडे पाठवावं. प्रस्तावनेचं प्रकरण, मग पहिल्या दिवसाची संध्याकाळ सॉल्झबरीत, दुसऱ्या दिवसाची सकाळ आणि दुपार, तिसऱ्या दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ, चौथ्या दिवसाची दुपार आणि शेवटी सहाव्या दिवसाची संध्याकाळ वेमथच्या किनाऱ्यावर. पाचवा दिवस कुठे आहे?

वर्गात हा प्रश्न विचारल्यावर पानं उलटल्याचा आवाज येतो, कारण कादंबरी पूर्ण वाचलेल्यांनीही तो दिवस गायब असल्याचं टिपलेलं नसतं. मिस केन्टनची भेट चौथ्या दिवशी दुपारी होते. चौथ्या दिवसाचं प्रकरण भेटीच्या आधी लिहिलेलं आहे. भेटीनंतर दोन दिवस स्टीव्हन्स लिहीतच नाही. जो माणूस मोटारीत पाणी कमी पडल्याची गोष्टही तपशिलाने सांगतो, तो दोन दिवस गप्प बसतो. दुःख किती झालं हे निवेदकाने सांगितलेलं नाही. ते रचनेने सांगितलं आहे. निवेदकाची विश्वासार्हता आणि कादंबरीची रचना हे अभ्यासक्रमात वेगळे मुद्दे म्हणून छापलेले असले, तरी या कादंबरीत ते वेगळे करता येत नाहीत, असं मी म्हणतो ते याच जोरावर.

त्याच धाग्याने बोळाच्या प्रसंगाकडे पुन्हा जाता येतं. आठवणीची दुरुस्ती चौथ्या दिवशीच का होते? कारण तो तिच्या गावात पोहोचला आहे. सॉल्झबरीत असताना पत्राचा अर्थ त्याला स्वच्छ वाटत होता: ती दुःखी आहे, तिला परत यायचं आहे. तिसऱ्या दिवशी तो मान्य करतो की पत्र पुन्हा वाचलं तेव्हा तसं स्पष्ट दाखवणारं एकही वाक्य बोटाने दाखवता येईना. भेटीत तर तो पत्रातला मजकूर तिला सांगतो तेव्हा ती हसून म्हणते, मी असं लिहिलंच नसेल. अंतर जसं घटतं तशी त्याची खात्री उतरत जाते. विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगावा: एका रकान्यात मुक्कामाचं ठिकाण, दुसऱ्यात पत्राबद्दल तो तिथे काय म्हणतो. तक्ता चार-पाच ओळींचाच होतो, पण भूगोल आणि कबुली एकमेकांना बांधलेली आहेत हे डोळ्यांसमोर येतं.

तिच्या नावाचीही अशीच तपासणी होते. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, ती आता मिसेस बेन आहे, तरी निवेदनात ती मिस केन्टनच राहते. माझ्या मनात ती त्याच नावाने आहे, असं कारण तो सुरुवातीलाच देऊन टाकतो. प्रत्यक्ष भेटीत बोलताना मात्र तो तिला मिसेस बेन म्हणतो. तोंडावर एक आणि मनात एक. कोणत्या पानावर कोणतं नाव येतं याची यादी विद्यार्थी आवडीने करतात.

तो हे सगळं सांगतो कुणाला, हा प्रश्न मी थोडक्यात घेतो, कारण पुस्तक त्याचं उत्तर अर्धंच देतं. स्टीव्हन्स अधूनमधून ‘तुम्ही’ म्हणतो आणि तो ‘तुम्ही’ बटलरांच्या व्यवसायाची माहिती असणारा वाटतो. त्याला चांदीच्या पॉलिशचं महत्त्व पटवावं लागत नाही. हिंदुस्थानातल्या एका बटलरची गोष्ट स्टीव्हन्सचे वडील सांगत असत. जेवणाच्या टेबलाखाली वाघ शिरलेला पाहून त्या बटलरने तो पाहुण्यांना कळू न देता मारला आणि जेवण वेळेवर वाढलं जाईल असं मालकाला सांगितलं. ही गोष्ट ऐकून मान डोलावणारा श्रोता स्टीव्हन्सने समोर धरला आहे. आपण तसे श्रोते नाही. आपण त्याच्या खांद्यावरून वाचतो आहोत आणि आपल्याला वाघापेक्षा तो लपवण्याचं कसब जास्त अस्वस्थ करतं.

चर्चा कुठे बिघडते, हेही सांगितलं पाहिजे. निवेदक अविश्वसनीय आहे हे एकदा कळलं की काही विद्यार्थी त्याच्या प्रत्येक वाक्यावर अविश्वास दाखवू लागतात. परिषद झालीच नसेल, मिस केन्टनचं त्याच्यावर प्रेम नव्हतंच, असे तर्क निघतात. अशा वेळी विचारावं की तुझ्या वाचनाला आधार देणारी जागा पुस्तकात कुठे आहे. तो मालकाचं नाव नाकारतो याला पानं आहेत: रेडिएटरमध्ये पाणी घालून देणाऱ्या माणसाला तो सांगतो की मी लॉर्ड डार्लिंग्टन यांच्याकडे नव्हतो आणि लगेच आपल्याला कळवतो की आणखी एका पाहुणीलाही आपण हेच सांगितलं होतं. इथे खोटं आहे आणि ते खोटं असल्याची नोंदही आहे. परिषद झालीच नाही याला मात्र एकही पान नाही. कादंबरीने स्वतः पेरलेली शंका आणि वाचकाने बाहेरून आणलेली शंका यांत फरक करायला शिकणं, हेच या तासांचं खरं काम आहे.

दुसरी अडचण चित्रपटाची. जेम्स आयव्हरी यांचा 1993 मधला चित्रपट अतिशय चांगला आहे आणि अँथनी हॉपकिन्स, एमा थॉम्प्सन यांना पाहिल्यावर ते चेहरे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण कॅमेऱ्याला स्टीव्हन्सचा चेहरा दिसतो. पुस्तकातल्या स्टीव्हन्सला तो दिसत नाही. चित्रपट पाहून आलेला विद्यार्थी ‘त्याचं तिच्यावर प्रेम आहे हे उघडच आहे’ म्हणतो, तेव्हा त्याला पुस्तकात ते उघड कुठे होतं ते पान विचारावं. तो बराच वेळ शोधतो आणि बहुतेक वेळा थांबतो ते बसथांब्यापाशी.

बसथांब्यावरच कादंबरीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. मिसेस बेनची बस यायची आहे. ती सांगते की नवऱ्यावर माझं प्रेम बसलं, वेळ लागला पण बसलं. तरीही कधी कधी वाटतं की तुमच्यासोबतचं आयुष्य कसं झालं असतं. त्यावर स्टीव्हन्स आपल्याला, वाचकांना, त्या क्षणी आपलं काळीज फाटत होतं असं सरळ सांगतो. तिला मात्र तो हसून म्हणतो की आता मागे वळून पाहण्यात अर्थ नाही, जे आहे त्यात समाधान मानावं. त्याने तिच्याजवळ मन मोकळं करायला हवं होतं का, हे फेलन आणि मार्टिन यांनाही सुटलेलं नाही. दोघांची मतं त्यांनी खुली ठेवली आहेत. वर्गात हा प्रश्न मतदानाला टाकू नये. त्याऐवजी विचारावं: इथे निवेदक विश्वासार्ह आहे का? आहे, पूर्णपणे. मग माणूस विश्वासार्ह आहे का? तो ज्या क्षणी आपल्याशी खरं बोलतो, त्याच क्षणी तिच्याशी बोलत नाही.

यानंतर वेमथची संध्याकाळ आणि 1923 ची रात्र शेजारी शेजारी ठेवायची. धक्क्यावरच्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस, तोही एके काळचा बटलर, त्याला रुमाल देऊ करतो. तेवढ्यावरून आपल्याला कळतं की स्टीव्हन्स रडतो आहे. तेहतीस वर्षांनीही तंत्र तेच: अश्रू दुसऱ्याच्या तोंडून कळतात आणि कारण म्हणून थकवाच दिला जातो, तेव्हा कामाचा, आता प्रवासाचा. फरक एकच आहे. वेमथला हे रडणं आल्यानंतर तो त्या अनोळखी माणसाला सांगून टाकतो की लॉर्डसाहेबांनी निदान स्वतःच्या चुका तरी केल्या, मी तर विश्वास ठेवण्यापलीकडे काहीच केलं नाही.

शेवटच्या पानांत तो ठरवतो की हवेलीत परतून नव्या अमेरिकन मालकाशी थट्टामस्करी करायला शिकायचं. हे स्वतःला पुन्हा फसवणं आहे की उरलेल्या आयुष्याची प्रामाणिक सोय, यावर मी दोन्ही बाजूंची चांगली उत्तरं वाचली आहेत. माझं स्वतःचं मत असं आहे की स्टीव्हन्स इथे बदललेला नाही. त्याने फक्त सेवेची एक नवी कला शोधली आहे. पण हे मत मी चर्चा संपेपर्यंत सांगत नाही, आणि तुम्हीही तुमचं सांगू नका. या प्रश्नासाठी तासाची शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा, आणि प्रत्येक उत्तराला ‘कोणत्या पानावरून?’ एवढंच विचारा.